परदेशात शिकताना महिन्याचे अंदाजपत्रक: आठवड्याचे भाडे, अठ्ठावीस दिवसांचे रिचार्ज आणि अचानक येणारे खर्च

परदेशात शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरून पैसे साधारणतः महिन्याला येतात, पण त्याचे खर्च मात्र महिन्याच्या मापाने येत नाहीत. खोलीचे भाडे अनेक ठिकाणी आठवड्याला ठरते, फोनचा प्रीपेड प्लॅन २८ दिवसांत संपतो, पास ३० दिवसांचा असतो, किराणा आठवड्याला भरला जातो, विजेचे बिल दोन-तीन महिन्यांनी येते आणि विम्याचे किंवा निवास परवान्याचे नूतनीकरण वर्षातून एकदाच करावे लागते. ही सगळी निरनिराळी मापे एका महिन्याच्या चौकटीत अंदाजाने कोंबली की कागदावर जुळलेला हिशेब प्रत्यक्षात दर महिन्याला थोडा थोडा चुकतो, आणि ही चूक तीन-चार महिने लक्षातही येत नाही. म्हणून या लेखात एकच पद्धत सविस्तर सांगितली आहे: प्रत्येक खर्च आधी वर्षाच्या मापात मांडायचा, मग त्याला बाराने भागायचे, आणि त्यानंतरच महिन्याचे अंदाजपत्रक तयार करायचे.

समजण्यासाठी एका विद्यार्थिनीचे कल्पित उदाहरण शेवटपर्यंत वापरले आहे. ती बारा महिने परदेशी राहणार आहे. उदाहरणातील आकडे स्थानिक चलनातले समजावेत. देश कोणताही असला तरी गणित तेच राहते, फक्त आकडे आपापले घालावे लागतात.

आधी चलन ठरवा

अंदाजपत्रक ज्या देशात राहता त्या देशाच्या चलनात लिहावे. प्रत्येक खरेदीचा मनातल्या मनात मायदेशी चलनात हिशेब करण्याची सवय पहिल्या काही आठवड्यांत सर्वांनाच असते. पण तिच्यामुळे आवश्यक वस्तूही महाग वाटून टाळल्या जातात आणि स्थानिक किमतींची जाण यायला उशीर होतो. मायदेशी चलनाचा विचार एकाच ठिकाणी करावा, तो म्हणजे घरून येणाऱ्या रकमेपाशी. तिथे मात्र तो काटेकोर हवा.

संकेतस्थळावर दिसणारा विनिमय दर आणि बँक प्रत्यक्षात देते तो दर यांत फरक असतो, आणि त्याशिवाय प्रत्येक व्यवहारावर ठरावीक शुल्कही बहुधा लागते. त्यामुळे पाठवलेल्या रकमेवर विसंबू नये. आपल्या खात्यात जमा झालेला आकडा हेच उत्पन्न मानावे. शुल्क दर व्यवहाराला ठरलेले असेल तर तीन छोट्या रकमांऐवजी एकच मोठी रक्कम मागवणे स्वस्त पडते. पुढच्या महिन्यांचा अंदाज करताना दर आजच्यापेक्षा सुमारे ५ टक्के प्रतिकूल धरावा, असे माझे मत आहे. घरून १००० येतील असे वाटत असेल आणि दर तेवढा घसरला तर ९५० येतील. त्या ५० ची तूट कोणत्या खर्चातून भरायची, हे दर चांगला असतानाच ठरवून ठेवलेले बरे.

मायदेशी बँकेचे कार्ड परदेशात वापरताना एटीएम किंवा दुकानातील यंत्र कधी कधी विचारते की रक्कम तुमच्या मूळ चलनात वळती करायची का. अशा वेळी स्थानिक चलनच निवडावे. यंत्र स्वतः करून देते त्या रूपांतराचा दर बहुधा महाग असतो.

भाडे: चार आठवडे म्हणजे महिना नव्हे

सर्वांत मोठी चूक सर्वांत मोठ्या खर्चात होते. आपल्या विद्यार्थिनीच्या खोलीचे भाडे आठवड्याला १५० आहे. तिने चारने गुणून महिन्याला ६०० धरले. पण वर्षात आठवडे ५२ असतात, ४८ नव्हेत. १५० ला ५२ ने गुणले की वर्षाचे ७८०० होतात आणि बाराने भागले की महिन्याचे ६५०. दर महिन्याला ५० आणि वर्षाला ६०० इतकी ही तफावत आहे. म्हणजे तिने धरलेल्या भाड्याचा एक आख्खा महिना तिच्या हिशेबात नाहीच.

करार बारा महिन्यांपेक्षा कमी असेल तर हेच गणित आपल्या कराराच्या आठवड्यांवर करावे: एकूण भाडे काढून जितके महिने राहणार तितक्यांनी भागावे. करार किती आठवड्यांचा आहे हे वाचूनच घ्यावे, कारण शैक्षणिक वर्ष नऊ-दहा महिन्यांचे असले तरी खोलीचा करार पूर्ण वर्षाचा असू शकतो, आणि सुटीत खोली रिकामी ठेवली म्हणून भाडे थांबत नाही.

सरासरी ६५० ठरली तरी प्रत्यक्ष पैसे तसे जात नाहीत. भाडे दर गुरुवारी द्यायचे असेल तर ज्या महिन्यात चार गुरुवार येतात त्यात ६०० जातील आणि पाच गुरुवारांच्या महिन्यात ७५०. वर्षात सहसा चार महिने पाच गुरुवारांचे असतात. यावर सोपा उपाय असा की भाड्यासाठी दुसरे बचत खाते उघडावे, महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यात ६५० वळते करावेत आणि भाडे तिथूनच द्यावे. चार गुरुवारांच्या आठ महिन्यांत प्रत्येकी ५० असे ४०० मागे राहतात, आणि पाच गुरुवारांच्या चार महिन्यांत प्रत्येकी १०० असे ४०० वापरले जातात. पहिलाच महिना पाच गुरुवारांचा निघाला तर शिल्लक अजून साठलेली नसते. म्हणून सुरुवातीलाच त्या खात्यात १०० जादा टाकून ठेवावेत. असे दोन महिने लवकर येणार असल्याचे दिनदर्शिकेवर दिसले तर २०० ठेवावेत.

भाड्यात काय येते आणि काय येत नाही, याची चौकशी लेखी करावी. वीज, पाणी, खोली तापवण्याचा खर्च आणि इंटरनेट यांपैकी जे भाड्यात नाही त्याचा वर्षभराचा अंदाज घरमालकाकडून किंवा आधीच्या भाडेकरूकडून घ्यावा. एकाच महिन्याचे बिल इथे फसवे ठरते. आपली विद्यार्थिनी उन्हाळ्यात पोहोचली आणि पहिल्या महिन्याचे बिल २० आले, तेव्हा तिने कायमचे २० धरले. तिथल्या पाच थंड महिन्यांत मात्र बिल ८० पर्यंत जाते. पाच महिन्यांचे ४०० आणि उरलेल्या सात महिन्यांचे १४० मिळून वर्षाचे ५४० झाले. म्हणजे महिन्याला ४५. उन्हाळ्यात बिल २० आले तरी ४५ बाजूला काढावेत. उरलेले २५ ही बचत नसून हिवाळ्याचे देणे आहे.

अनामत रकमेचा समावेश मासिक खर्चात करू नये, कारण ती परत मिळणे अपेक्षित असते. पण ती शिल्लक म्हणूनही मोजू नये, कारण गरजेच्या वेळी ती हातात नसते. तिच्यासाठी वहीत स्वतंत्र ओळ ठेवावी. खोली ताब्यात घेतानाच भिंती, गादी, फर्निचर आणि मीटरचे आकडे यांची तारखेसह छायाचित्रे काढून घरमालकाला पाठवावीत, म्हणजे जुन्या डागांसाठी अनामतीतून कपात होणार नाही. घर अनेक जणांच्या नावे एकाच करारावर असेल तर एक जण सोडून गेल्यावर त्याचे भाडे इतरांकडून मागता येते का, हे कलम सहीपूर्वी पाहावे. अनेक करारांत तसे मागता येते.

प्रवास: पास कधी परवडतो

पासाचा निर्णय एका भागाकाराने होतो. पासाची किंमत भागिले एका फेरीचे तिकीट, इतकेच. आपल्या उदाहरणात ३० दिवसांचा पास ७० चा आणि एक फेरी अडीचची आहे. म्हणजे २८ फेऱ्यांना दोन्हींचा खर्च सारखा होतो. विद्यार्थिनी आठवड्यातून चार दिवस विद्यापीठात जाते आणि आठवड्याअखेरीस एकदा बाहेर पडते. जाऊन-येऊन आठवड्याला दहा फेऱ्या होतात, महिन्याला सुमारे ४३, आणि सुट्या तिकिटांनी त्यांचे साधारण १०८ झाले असते. सत्र चालू असताना पास घेणे इथे उघडच फायद्याचे आहे. सुटीच्या तीन महिन्यांत मात्र तिच्या फेऱ्या महिन्याला बारावर येतात आणि सुट्या तिकिटांचे ३० होतात, म्हणून त्या काळात पास घेऊ नये. नऊ महिन्यांचे ६३० आणि तीन महिन्यांचे ९० मिळून वर्षाचे ७२०, म्हणजे महिन्याला ६०. वर्षाचा पास एकदम घेतल्यास सूट मिळत असेल, तरी ती सूट सुटीच्या महिन्यांत वाया जाणाऱ्या रकमेपेक्षा जास्त आहे का, हे आधी तपासावे.

भाडे आणि प्रवास हे दोन खर्च खोली निवडताना नेहमी एकत्र पाहावेत. तिला शहराच्या कडेला आठवड्याला १३० ची खोली मिळत होती. भाड्यात महिन्याला ८७ वाचले असते, पण त्या पट्ट्याचा पास ११० चा होता आणि सुटीतल्या फेऱ्याही ३० ऐवजी ५० ला पडल्या असत्या. वर्षावर पसरवले की प्रवासाचा खर्च महिन्याला ३५ ने वाढतो, आणि खरी बचत ५२ वर येते. तीही बस रात्री किती वाजेपर्यंत मिळते यावर अवलंबून आहे. शेवटची बस लवकर सुटत असेल तर ग्रंथालयातून किंवा कामावरून परतताना महिन्यातून तीन-चार वेळा टॅक्सी करावी लागते आणि बचतीतला बराच भाग त्यातच जातो. खोली पाहायला जाताना दिवसा न जाता, रोज ज्या वेळी परत यावे लागेल त्या वेळी तिथून प्रवास करून पाहावा.

फोन

फोनचा खर्च लहान असतो, त्यामुळे इथे दोनच गोष्टी सांगतो. २८ दिवसांचा प्लॅन वर्षातून तेरा वेळा भरावा लागतो. १२ चा प्लॅन असेल तर वर्षाचे १५६ आणि महिन्याचे १३ होतात. दुसरी गोष्ट कराराची. हप्त्याने फोन आणि सोबत सिम असा दोन वर्षांचा करार मासिक आकड्यावरून स्वस्त वाटतो, पण अभ्यासक्रम एका वर्षाचा असेल तर उरलेले हप्ते देश सोडल्यावरही देय राहतात. पहिले काही महिने तरी केवळ सिमचा प्रीपेड प्लॅन वापरावा. मायदेशी नंबर बँकेच्या ओटीपीसाठी चालू ठेवणार असाल तर त्याचा किमान रिचार्जही याच ओळीत लिहावा.

जेवण: आधी मोजा, मग मर्यादा ठरवा

जेवणाचा आकडा कोणी सांगितल्यावरून घेऊ नये. माणसागणिक तो इतका बदलतो की दुसऱ्याचा आकडा जवळजवळ निरुपयोगी असतो. चार आठवडे कोणतीही काटकसर न करता फक्त नोंद ठेवावी, आणि ही नोंद दुसऱ्या महिन्यापासून सुरू करावी; कारण पहिल्या महिन्यात तेल, मीठ, मसाले, भांडी अशी एकदाच होणारी भरताड त्या आकड्यात मिसळलेली असते. आपल्या विद्यार्थिनीच्या किराण्याच्या चार आठवड्यांच्या नोंदी ४८, ६१, ३९ आणि ५२ अशा आल्या. सरासरी ५०, आणि महिन्याला २१७. बाहेरचे खाणे आठवड्याला सरासरी १५, म्हणजे महिन्याला ६५. दोन्ही मिळून २८२ झाले. येण्यापूर्वी तिने बाहेरचे खाणे न धरता आणि महिना चार आठवड्यांचा समजून २०० धरले होते.

किराणा आणि बाहेरचे खाणे यांच्या ओळी वेगळ्याच ठेवाव्यात. दोन्ही एकत्र असले की एकूण आकडा का वाढला ते कळत नाही. किराणा कमी होऊन बाहेरचे खाणे वाढत असेल तर कारण बहुधा वेळेचे असते: परीक्षा, प्रकल्प किंवा उशिरापर्यंतचे काम. तिथे निर्धार कामाला येत नाही. रविवारी दोन-तीन वेळचे शिजवून ठेवणे कामाला येते.

जेवणासाठी महिन्याची मर्यादा पाळणे फार कठीण जाते, कारण पहिल्या दहा दिवसांत हात मोकळा असतो. मर्यादा आठवड्याची ठेवावी. इथे ती ६५ आहे. दर सोमवारी ६५ स्वतंत्र कार्डावर किंवा पाकिटात काढून त्यातूनच जेवणाचा सगळा खर्च करावा. मोठी पिशवी घेतलेल्या आठवड्यात मर्यादा ओलांडली गेली तर पुढच्या आठवड्यातून तेवढी रक्कम वजा करावी. सलग तीन आठवडे ओलांडली तर मात्र मर्यादाच चुकीची आहे असे समजून ती वाढवावी आणि दुसरी कुठलीतरी ओळ कमी करावी. किमतींची तुलना पाकिटाच्या किमतीवरून न करता किलोच्या किंवा लिटरच्या दरावरून करावी. अनेक देशांत तो दर शेल्फवरील पट्टीवर छापलेला असतो. मोठे पाकीट स्वस्त असते ते संपले तरच.

एकत्र राहणाऱ्यांचा सामाईक किराणा हिशेब बिघडवतो. सर्वांचे ९० तुम्ही भरले आणि तुमचा वाटा ३० असेल तर जेवणाच्या ओळीत ३० लिहावेत आणि उरलेले ६० ‘येणे’ या सदरात. पैसे परत आले की ते उत्पन्नात न धरता त्या सदरातून वजा करावेत. असे केले नाही तर एका महिन्यात जेवणाचा खर्च फुगलेला दिसतो आणि पुढच्या महिन्यात उत्पन्न वाढल्याचा भास होतो.

अचानक येणारे खर्च, आणि अचानक वाटणारे खर्च

ज्यांना आपण अचानक आलेले खर्च म्हणतो, त्यांतले बरेचसे आधीपासून ठाऊक असतात. फक्त ते दर महिन्याला येत नाहीत. या दोहोंसाठी दोन वेगळ्या गंगाजळी कराव्यात.

पहिली गंगाजळी ठाऊक असलेल्या खर्चांची. विद्यार्थिनीने वर्षाची यादी केली: विम्याचे नूतनीकरण २४०, निवास परवाना १८०, थंडीचे कपडे १२०, पुस्तके व छपाई ९०, चष्मा ९०. एकूण ७२०, म्हणजे महिन्याला ६०. मात्र इथे बाराने भागून थांबता येत नाही, तारखाही पाहाव्या लागतात. विम्याचे २४० तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस भरायचे असतील तर तोपर्यंत १८० च साठलेले असतात. पहिल्या वर्षी अशा लवकर येणाऱ्या खर्चाला, तो येईपर्यंत जितके महिने आहेत तितक्यांनी भागावे, म्हणजे विम्यासाठी तीन महिने प्रत्येकी ८० काढावेत, किंवा ती रक्कम येतानाच सोबत आणावी.

दुसरी गंगाजळी खऱ्या अनिश्चितांसाठी: लॅपटॉप बिघडला, किल्ली हरवली, दात दुखला. विद्यार्थ्यांच्या आरोग्य विम्यात दात आणि चष्मा अनेकदा समाविष्ट नसतात, आणि जिथे विमा लागू होतो तिथेही सुरुवातीची ठरावीक रक्कम बऱ्याचदा स्वतः भरावी लागते. पॉलिसीतला तो आकडा शोधून काढावा. या गंगाजळीत नेहमी निदान तेवढे पैसे असले पाहिजेत. महिन्याला ४० काढले तर वर्षात ४८० साठतात, आणि किरकोळ संकटांना ते पुरतात. घरी कोणी गंभीर आजारी पडले म्हणून तातडीने तिकीट काढण्यासाठी मात्र ते पुरणार नाहीत. त्या तिकिटाची रक्कम दरमहा साठवण्याच्या भरीस पडू नये. ती निघण्यापूर्वीच घरच्यांशी बोलून, हात लावायचा नाही अशा ठेवीत, पण एका दिवसात मोडता येईल अशा स्वरूपात ठेवावी.

कोणत्या गंगाजळीतून काय काढले ते तारखेसह लिहावे. दुसऱ्या गंगाजळीतून एकाच प्रकारचा खर्च दोनदा निघाला तर तो अनिश्चित राहिलेला नाही. त्याला पहिल्या यादीत हलवावे.

सगळे एकत्र मांडल्यावर

| सदर | येण्यापूर्वीचा अंदाज | वर्षाच्या मापाने |
|---|---|---|
| भाडे | ६०० | ६५० |
| वीज व तापवण्याचा खर्च | २० | ४५ |
| प्रवास | ७० | ६० |
| फोन | १२ | १३ |
| जेवण | २०० | २८२ |
| इतर (धुलाई, साबण, केशकर्तन) | ३० | ४० |
| ठाऊक वार्षिक खर्च | ० | ६० |
| अनिश्चित खर्च | ० | ४० |
| एकूण | ९३२ | ११९० |

फरक महिन्याला २५८ आणि वर्षाला ३०९६ इतका आहे. यात चैनीची एकही ओळ नाही, हे लक्षात घ्यावे. ९३२ चा अंदाज धरून घरून १००० मागवणाऱ्या विद्यार्थिनीला ६८ शिल्लक राहील असे वाटते, आणि प्रत्यक्षात तिला दर महिन्याला १९० कमी पडतात.

ही तूट तिने अर्धवेळ कामातून भरायची ठरवली. तिथेही तेच वर्षाचे माप लावावे. दर दोन आठवड्यांनी हातात १२० येतात, आणि वर्षात असे २६ पगार असतात. पण परीक्षा, आजारपण आणि काम न मिळणारे आठवडे धरून तिने २० च पगार मोजले: वर्षाचे २४००, महिन्याचे २००. विद्यार्थी व्हिसावर किती तास काम करता येते याची मर्यादा आपल्या परवान्यावर पाहावी आणि उत्पन्नाचा अंदाज तिच्या आत ठेवावा. ती ओलांडली तर परवानाच धोक्यात येतो. एकूण १२०० येणार आणि ११९० जाणार, म्हणजे हिशेब जुळतो, पण जेमतेम. विनिमय दर घसरला तर ५० कुठून येणार, याचे उत्तर तिच्याकडे आताच हवे. माझ्या मते ते बाहेरच्या खाण्याच्या ६५ मधून आणि इतर खर्चाच्या ४० मधून यावे. गंगाजळीला हात लावून नव्हे.

पहिल्या महिन्याचा हिशेब या तक्त्यात बसत नाही, तो निराळा करावा. चार आठवड्यांची अनामत ६००, खोली मिळेपर्यंत दहा रात्रींचा तात्पुरता मुक्काम ३०० (या दिवसांत खोलीचे भाडे वाचते, पण तो फायदा धरू नये), अंथरूण-भांडी १८०, विद्यार्थी सवलतीचे कार्ड हाती येईपर्यंत प्रवासाला पडणारे जादा ३५, आणि भाड्याच्या खात्यातले १००. हे १२१५ झाले. काम शोधण्यात आणि पहिला पगार मिळण्यात दोन महिने जातात असे धरले तर त्या दोन महिन्यांची तूट प्रत्येकी १९०, म्हणजे ३८०. घरून येणाऱ्या मासिक रकमेव्यतिरिक्त १५९५ हातात घेऊनच तिने विमानात बसायला हवे होते.

नोंद कशी ठेवावी

स्प्रेडशीटमध्ये दोन पाने पुरतात: एक अंदाजपत्रकाचे आणि एक रोजच्या नोंदींचे. नोंदींच्या पानात तारीख, तपशील, सदर आणि रक्कम असे चार स्तंभ असावेत. आठवड्याच्या आणि २८ दिवसांच्या रकमा महिन्यात बदलायला ही सूत्रे वापरावीत. इथे B2 मध्ये आठवड्याचे भाडे आणि B3 मध्ये २८ दिवसांचा रिचार्ज आहे. शेवटचे सूत्र नोंदींच्या पानातच, चार स्तंभांपलीकडच्या मोकळ्या चौकोनात लिहावे; ते तिसऱ्या स्तंभावरून एका सदराची बेरीज करते.

```
=B2*52/12
=B3*13/12
=SUMIF(C:C,"किराणा",D:D)
```

सदरे आठ-नऊपेक्षा जास्त करू नयेत. वीस सदरांची वही कोणी तिसऱ्या आठवड्यापुढे लिहीत नाही. रोख खर्च त्याच दिवशी लिहावा, कारण त्याचा माग नंतर लागत नाही. कार्डाचे व्यवहार आठवड्यातून एकदा बँकेच्या नोंदींशी ताडून पाहावेत. काही रकमा दोन-तीन दिवसांनी वळत्या होतात, त्यामुळे खात्यातली शिल्लक त्या दिवशी खऱ्यापेक्षा जास्त दिसते.

अंदाजपत्रक बिघडत असल्याची सर्वांत लवकर कळणारी खूण एकच आहे. घरून पैसे येण्याच्या आदल्या दिवशी रोजच्या खर्चाच्या खात्यात किती शिल्लक आहे ते दर महिन्याला लिहून ठेवावे. भाड्याचे खाते आणि दोन्ही गंगाजळी यात मोजू नयेत. हा आकडा सलग दोन महिने घसरला तर कारण शोधायलाच हवे, मग प्रत्येक सदर आपापल्या मर्यादेत दिसत असले तरी. बहुतेक वेळा असे आढळते की एखादा खर्च नोंदलाच जात नाही: आपोआप कापले जाणारे सदस्यत्व, बँकेचे शुल्क किंवा परत न आलेले ‘येणे’. ‘इतर’ हे सदर एकूण खर्चाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा मोठे झाले तर त्यातला सर्वांत मोठा प्रकार वेगळा काढून त्याला स्वतःची ओळ द्यावी.

अंदाजपत्रकातले आकडे दर महिन्याला बदलू नयेत. सत्राच्या सुरुवातीला एकदा बदलावेत आणि मध्ये भाडेवाढ किंवा कामाचे तास घटणे असे काही घडले तरच हात लावावा. परत निघण्याच्या तीन महिने आधी मात्र ते नव्याने मांडावे लागते. खोली सोडण्याची सूचना किती आठवडे आधी द्यायची ते करारात पाहून तारीख टिपून ठेवावी. ती चुकली तर राहत नसलेल्या आठवड्यांचेही भाडे द्यावे लागते. शेवटचे भाडे अनामतीतून वळते होईल असे धरून चालू नये, कारण बहुतेक करार तशी मुभा देत नाहीत. अनामत आणि विजेचे अंतिम बिल दोन्ही खोली सोडल्यानंतर काही आठवड्यांनी येतात, म्हणून स्थानिक बँक खाते तोपर्यंत बंद करू नये आणि त्यात एका हिवाळी बिलाइतके, म्हणजे आपल्या उदाहरणात ८०, शिल्लक ठेवून निघावे.